खरेदीखताचा स्कॅन क्लाउडवर चढवण्याआधी

घरातलं एखादं नोंदणीकृत खरेदीखत बाहेर काढा आणि शेवटच्या पानापर्यंत उलटून बघा. पहिली पानं ओळखीची असतात: लिहून देणार, लिहून घेणार, मिळकतीचं वर्णन, चतुःसीमा, रक्कम, ती कोणत्या चेकने दिली त्याचा क्रमांक. मागे दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जोडलेली पानं येतात. त्यांवर दोन्ही पक्षांचे फोटो, सह्या आणि अंगठ्यांचे ठसे असतात. ओळख पटवणाऱ्या साक्षीदारांचेही असतात. त्यांच्याही मागे आधार आणि पॅनच्या झेरॉक्स प्रती. हे सगळं स्कॅन करून आपण एकच पीडीएफ बनवतो आणि गूगल ड्राइव्हवर टाकून देतो. त्या एका फाइलमध्ये एखाद्याची ओळख उभी करायला लागणारं जवळजवळ सगळं एकत्र सापडतं.

ही नुसती शंका नाही. २०१८ साली तेलंगणात सिमकार्ड विकणाऱ्या एकाने जमिनीच्या नोंदणी दस्तांवरचे अंगठ्याचे ठसे इंटरनेटवरून उतरवून घेतले, त्यांचे नकली ठसे तयार केले आणि ते वापरून दुसऱ्यांच्या नावावर सिमकार्डं सुरू केली. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. म्हणून खरेदीखताचा स्कॅन मला आधारच्या स्कॅनपेक्षाही नाजूक वाटतो.

सगळेच कागद असे नसतात. सातबारा उतारा मुळात सार्वजनिक आहे, तो महाभूमीच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येतो. इंडेक्स दोनचंही तसंच, नोंदणी विभागाच्या शोधसेवेत तो सापडतो. हे कागद कुलपात ठेवण्यात अर्थ नाही. आधार, पॅन, वाहन परवाना यांच्या प्रती डिजिलॉकरमधून हव्या तेव्हा काढता येतात, त्यामुळे त्यांचे स्कॅन साठवून ठेवायची गरजही कमी झाली आहे. खरी काळजी घ्यायची ती खरेदीखत, बक्षीसपत्र, मुखत्यारपत्र, मृत्युपत्र, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, पासपोर्ट आणि गहाणखत यांची. हे कागद दुसरीकडून सहज मिळत नाहीत आणि चुकीच्या हाती गेले तर नुकसान करतात.

आता प्रश्न असा येतो की ड्राइव्हवरच्या फाइली आधीच एन्क्रिप्ट केलेल्या असतात ना? असतात. आपल्या कॉम्प्युटरपासून सर्व्हरपर्यंतच्या प्रवासात आणि सर्व्हरच्या डिस्कवरही त्या कुलूपबंद असतात. पण त्या कुलपाची किल्ली सेवा देणाऱ्या कंपनीकडे असते आणि आपल्या खात्यात जो कुणी लॉग इन करेल त्याच्यासाठी ती कुलूप आपण होऊन उघडते. सोसायटीच्या वॉचमनकडे फ्लॅटची किल्ली ठेवून 'कुणी ओळख सांगितली की उघडून दे' म्हणावं, तसं हे आहे. कंपनी वाईट असायची गरजच नाही. ओटीपी उकळून कुणी आपलं खातं बळकावलं, जुना फोन लॉग आउट न करता विकला, एखाद्या फोल्डरची 'लिंक असलेल्या कुणालाही' अशी परवानगी काढायची राहून गेली, की सगळं उघडं. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. गूगल ड्राइव्ह स्कॅनमधली छापील अक्षरंही वाचू शकतं, म्हणून तर शोधखिडकीत पॅन क्रमांक टाकला की पॅनकार्डाचा फोटो सापडतो. सोय मोठी आहे, पण खात्यात शिरलेल्या माणसालाही तीच सोय मिळते. त्याला हजार फाइली उघडून बघाव्या लागत नाहीत. 'अॅग्रीमेंट' किंवा 'पासपोर्ट' टाइप केलं की काम झालं.

तेव्हा उपाय असा की फाइल आपल्याच कॉम्प्युटरवर कुलूपबंद करायची, किल्ली आपल्याकडेच ठेवायची आणि क्लाउडला फक्त बंद पेटी द्यायची.

बरेच जण म्हणतात, 'माझ्या ई-आधारला पासवर्ड आहेच की.' तो पासवर्ड काय असतो ते सगळ्या देशाला माहीत आहे: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्माचं साल. फाइल तुमच्या खात्यातच पडलेली असेल तर नाव समोर दिसतं आहे, उरलं फक्त साल. म्हणजे जास्तीत जास्त शंभर प्रयत्न. ई-पॅनचा पासवर्ड जन्मतारीख असते. शंभर वर्षांच्या सगळ्या तारखा धरल्या तरी त्या साडेछत्तीस हजारांच्या आसपास भरतात आणि एवढ्या तारखा कॉम्प्युटर चहा गार व्हायच्या आत तपासून मोकळा होतो. हे पासवर्ड ईमेल चुकून दुसऱ्याकडे गेली तर उपयोगी पडतील एवढ्यापुरतेच आहेत. साठवणीसाठी ते कुलूप नव्हे.

या कामासाठी मी घरच्यांना आणि मित्रांना क्रिप्टोमेटर सुचवतो. जर्मनीत तयार झालेलं हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे. विंडोज, मॅक आणि लिनक्सवर ते फुकट मिळतं, मोबाइलवर सगळ्या सोयी हव्या असतील तर पैसे मोजावे लागतात. ते नेमकं काय करतं हे समजून घेतलं तर पुढच्या बऱ्याच चुका टळतात, म्हणून इथे जरा थांबू.

तुम्ही ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये एक तिजोरी तयार करता. त्या वेळी सॉफ्टवेअर आपण होऊन अत्यंत लांब, कुणालाही अंदाज न येणारी एक मूळ किल्ली बनवतं. सगळ्या फाइली त्या मूळ किल्लीने बंद होतात. तुम्ही दिलेल्या पासवर्डने फाइली बंद होत नाहीत, फक्त ती मूळ किल्ली बंद होते आणि `masterkey.cryptomator` नावाच्या छोट्या फाइलमध्ये तिजोरीशेजारीच ठेवली जाते. पासवर्ड टाकला की मूळ किल्ली कॉम्प्युटरच्या मेमरीत मोकळी होते आणि तिजोरी एखाद्या पेन ड्राइव्हसारखी नवीन ड्राइव्ह म्हणून दिसू लागते. त्या ड्राइव्हवर तुम्ही नेहमीसारख्या फाइली ठेवता, उघडता, नावं बदलता. त्याच क्षणी मागे गूगल ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये त्यांची एन्क्रिप्ट केलेली रूपं लिहिली जातात. फाइलचा मजकूर ३२ केबीच्या तुकड्यांत मोडून प्रत्येक तुकडा एईएस-२५६ पद्धतीने बंद होतो, फाइलचं नावही बंद होतं आणि कोणता फोल्डर कशाच्या आत आहे हेही झाकलं जातं. क्लाउडला दिसतात ती `.c9r` ने संपणारी अगम्य नावं.

प्रत्येक कागदाची एक फाइल वेगळी राहते, हा याचा मोठा फायदा. व्हेराक्रिप्टसारख्या साधनात सगळं एका मोठ्या डबाफाइलमध्ये जातं. आत एक पान बदललं तरी अख्खी डबाफाइल पुन्हा अपलोड होण्याची वेळ येऊ शकते, आणि गावच्या नेटवर ते परवडत नाही.

आता एक उदाहरण घेऊ. समजा आई मिरजेला राहते, मुलगा पुण्यात, मुलगी न्यू जर्सीत. आईच्या नावावर मिरजेचं घर आहे, मुलाचा पुण्यात फ्लॅट आहे आणि मुलीने भावाच्या नावे मुखत्यारपत्र करून दिलं आहे. मुलाने हे काम हाती घ्यायचं ठरवलं. त्याच्याकडे विंडोजचा लॅपटॉप आणि त्यावर गूगल ड्राइव्ह आहे.

तो `cryptomator.org` वरून सॉफ्टवेअर उतरवून घेतो आणि नवीन तिजोरी तयार करतो. जागा निवडतो ड्राइव्हच्या फोल्डरमधली. तिजोरीचं नाव मात्र क्लाउडला उघडं दिसतं, म्हणून 'मालमत्ता कागदपत्रं' ऐवजी तो `June` असं काहीतरी साधं ठेवतो. पासवर्ड देतो. मग सॉफ्टवेअर विचारतं की पुनर्प्राप्ती किल्ली हवी का. इथे हो म्हणायचंच. ही म्हणजे ४४ इंग्रजी शब्दांची एक माळ असते. ती मूळ किल्लीचंच शब्दांत लिहिलेलं रूप असल्यामुळे पासवर्ड विसरला तरी तिच्या आधारे नवा पासवर्ड लावता येतो. पासवर्डही नाही आणि ही माळही नाही, तर कंपनीही तिजोरी उघडून देऊ शकत नाही. अर्ज नाही, हेल्पलाइन नाही, काही नाही.

एक तांत्रिक बारकावा इथेच सांगतो. गूगल ड्राइव्हचं डेस्कटॉप अॅप बहुधा फाइली क्लाउडवरच ठेवून लागतील तशा खाली ओढतं. तिजोरीच्या फोल्डरवर उजवी क्लिक करून तो ऑफलाइनही उपलब्ध राहील असं सांगून ठेवावं. नाहीतर नेट गेलं की तिजोरी उघडते, पण आतली फाइल उघडत नाही आणि माणूस घाबरतो.

पुढची पायरी स्कॅनची, आणि बहुतेकांचं घर इथेच फुटतं. तिजोरी कितीही मजबूत असली तरी तिच्यात पोचण्याआधी कागदाची उघडी प्रत कुठेकुठे सांडली, हे बघितलं नाही तर सगळी मेहनत वाया.

पहिली सांड झेरॉक्सच्या दुकानात होते. दुकानदार स्कॅन करतो, फाइल त्याच्या कॉम्प्युटरवर राहते, मग तो ती व्हॉट्सअॅपवर पाठवतो आणि त्याच्या चॅटमध्येही ती राहते. तो माणूस सज्जन असेलही, पण त्याच्या डाउनलोड्स फोल्डरमध्ये गावातल्या निम्म्या लोकांचे दस्त पडलेले असतात. दुसरी सांड फोनमध्ये होते. कॅमेऱ्याने फोटो काढला की गूगल फोटोज तो लगेच बॅकअपला घेतं. गूगल ड्राइव्ह अॅपमधलं स्कॅनचं बटण तर फाइल थेट ड्राइव्हवरच ठेवतं, बरीच स्कॅनिंग अॅप स्वतःच्या क्लाउडवर ठेवतात. तिसरी सांड लॅपटॉपवर, आणि ती पटकन लक्षात येत नाही. अनेक नव्या विंडोज लॅपटॉपवर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर वनड्राइव्हला जोडलेले असतात. तुम्हाला वाटतं फाइल कॉम्प्युटरवर आहे, प्रत्यक्षात ती दुसऱ्याच एका क्लाउडवर उघडी जाऊन बसलेली असते.

म्हणून आपल्या उदाहरणातला मुलगा असं करतो. घरच्या प्रिंटरचा स्कॅनर तो केबलने लॅपटॉपला जोडतो. आधी तिजोरी उघडतो, मग स्कॅनच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल साठवण्याची जागा म्हणून थेट तिजोरीची ड्राइव्ह निवडतो. म्हणजे उघडी फाइल डॉक्युमेंट्समध्ये येतच नाही. स्कॅनर नसता तर त्याने फोनवर फोटोंचा बॅकअप आधी बंद केला असता, फोटो काढून केबलने लॅपटॉपवर तिजोरीत घेतले असते, मग फोनवरून आणि फोनच्या कचरापेटीतूनही पुसून मगच बॅकअप पुन्हा सुरू केला असता. हा क्रम कंटाळवाणा आहे, पण तो मोडला की फोटो वर गेलाच म्हणून समजा.

मजकुराच्या पानांसाठी करडा रंग आणि ३०० डीपीआय पुरे. ज्या पानांवर शिक्के, मुद्रांक, ठसे आहेत ती रंगीत घ्यावीत. मुद्रांकाच्या मागची बाजू आणि शेवटच्या पानावरचा नोंदणी क्रमांक राहून जातो, तो घ्यावाच. उद्या मूळ दस्त हरवला तर नक्कल काढताना दस्त क्रमांक, वर्ष आणि कोणत्या दुय्यम निबंधकाकडे नोंदणी झाली या तीनच गोष्टी कामाला येतात. स्कॅनचा सगळ्यात मोठा उपयोग हाच. कर्जासाठी बँक मूळ दस्त मागते, तिथे स्कॅन चालत नाही.

खरेदीखत तिजोरीत गेल्यावर मुलगा एक तपासणी करतो, आणि ती प्रत्येकाने करावी. ब्राउझरमध्ये `drive.google.com` उघडून तिजोरीच्या फोल्डरात जायचं. तिथे `d` नावाचा फोल्डर, `masterkey.cryptomator`, `vault.cryptomator`, या दोन फाइलींच्या `.bkup` ने संपणाऱ्या प्रती आणि एखादी माहितीची फाइल एवढंच दिसायला हवं. `d` च्या आत शिरलं तर अक्षरांचा नुसता गोंधळ. मग ड्राइव्हच्या शोधखिडकीत स्वतःचा पॅन क्रमांक टाकायचा, मग आईचं नाव, मग सोसायटीचं नाव. काही सापडलं तर समजायचं की उघडी प्रत अजून कुठेतरी पडून आहे. माझ्या अनुभवात या शोधात नवीन स्कॅनपेक्षा जुनेच सापडतात: कधीतरी गृहकर्जाच्या वेळी एजंटला पाठवलेले, 'न्यू फोल्डर'मध्ये विसरलेले. तेच फोटोज आणि मेलमध्येही शोधून बघावं.

सापडलेली जुनी उघडी फाइल तिजोरीत ओढली की काम संपत नाही. मूळ प्रत ड्राइव्हच्या कचरापेटीत ३० दिवस राहते, ती हाताने रिकामी करायची. त्यानंतरही कंपनीच्या बॅकअपमधून पूर्ण जायला काही महिने लागू शकतात, त्यावर आपला इलाज नाही. लॅपटॉपवर पुसलेल्या फाइलीचंही असंच आहे. आजच्या एसएसडीवर एखादी फाइल खात्रीने खरवडून काढता येत नाही. त्यामुळे अख्खी डिस्क एन्क्रिप्ट केलेली असणं हाच तिथला मार्ग. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ती सोय चालू आहे का ते एकदा पाहून घ्यावं.

फाइल धडपणे परत मिळते का, हेही बघितलं पाहिजे. तिजोरीत टाकण्याआधीच्या एखाद्या फाइलीचा अंकठसा, म्हणजे तिच्या मजकुरावरून कॉम्प्युटरने काढलेली एक अक्षरमाळ, घ्यायचा, दुसऱ्या कॉम्प्युटरवर तिजोरी उघडून तीच फाइल बाहेर काढायची आणि पुन्हा ठसा घ्यायचा. विंडोजमध्ये ही आज्ञा आहे:

```
certutil -hashfile satbara.pdf SHA256
```

दोन्ही वेळी आलेली अक्षरमाळ सारखी असेल तर फाइल एका बिटानेही बदललेली नाही. या चाचणीसाठी सातबाऱ्यासारखा सार्वजनिक कागद घ्यावा, म्हणजे बाहेर काढलेली प्रत राहून गेली तरी बिघडत नाही.

आता पासवर्ड. तिजोरीची सगळी ताकद शेवटी इथे येऊन ठरते, कारण `masterkey.cryptomator` ही फाइल क्लाउडवरच आहे. खात्यात शिरलेला माणूस ती उतरवून घेईल आणि स्वतःच्या कॉम्प्युटरवर सावकाश पासवर्ड लावून बघत बसेल. तिथे तीन चुकीच्या प्रयत्नांनंतर कुणी अडवणार नाही. क्रिप्टोमेटर प्रत्येक प्रयत्न मुद्दाम जड करून ठेवतं, पण `Ganpati@1985` ला तेही वाचवू शकत नाही. कुलदैवत, मुलाचं नाव, गाडीचा नंबर, तुकोबांच्या अभंगाची ओळ हे सगळं अंदाज बांधणाऱ्यांच्या यादीत असतं.

मराठी माणसाला सोपी पडेल अशी एक पद्धत आहे. शब्दकोश घ्या, डोळे मिटून पान उघडा, बोट ठेवा, तो शब्द घ्या. असे सहा शब्द. शब्द आवडला नाही म्हणून बदलायचा नाही, कारण आवड आली की अंदाज आला. चार हजार सामान्य शब्दांतून असे सहा उचलले तरी होणाऱ्या जुळण्या ४ वर २१ शून्यं इतक्या भरतात. शब्द रोमन लिपीत टाइप करावेत, कारण परक्या कॉम्प्युटरवर देवनागरी कळफलक असेलच असं नाही. पण 'विहीर' तुम्ही `vihir` लिहिता की `viheer`, हे दोन वर्षांनी आठवणार नाही. म्हणून स्पेलिंगसकट कागदावर लिहून ठेवावं.

कागदावर? हो. घरातल्या चोराला तुमची ड्राइव्ह उघडायची नसते आणि ड्राइव्ह फोडणारा तुमच्या कपाटापर्यंत पोचत नाही. ४४ शब्दांची माळही छापून घ्यावी. तिचा फोटो काढू नये, मेल करू नये, व्हॉट्सअॅपवर तर नाहीच. ती कुठे ठेवावी याबद्दल माझं मत ठाम आहे: मूळ दस्तांबरोबर, बँकेच्या लॉकरमध्ये. जो लॉकरपर्यंत पोचला त्याच्या हातात मूळ कागदच आले, माळ मिळून त्याला जास्तीचं काही मिळत नाही. मात्र तेवढी एकच प्रत ठेवली तर मोठा धोका राहतो. पुरात किंवा आगीत मूळ दस्त गेले, तर माळही त्यांच्याबरोबर जाणार, आणि नेमकी तेव्हाच स्कॅनची गरज पडणार. सांगली-मिरजेच्या लोकांना २०१९ च्या महापुरानंतर हे वेगळं सांगायला नको. म्हणून दुसरी प्रत दुसऱ्या गावी ठेवायची. आपल्या उदाहरणात एक माळ आईच्या लॉकरमध्ये राहते आणि दुसरी बंद पाकिटात पुण्याला. न्यू जर्सीच्या बहिणीला भाऊ पासवर्डचे शब्द फोनवर, एकेक अक्षर सांगून लिहायला लावतो.

तिजोरी म्हणजे शेवटी एक फोल्डर आहे. तो जसाच्या तसा पेन ड्राइव्हवर उतरवला तरी बंदच राहतो, त्यामुळे ती पेन ड्राइव्ह हरवली तरी घाबरायचं कारण नाही. ही दुसरी प्रत चैन म्हणून ठेवायची नसते, ती लागतेच. एन्क्रिप्शन चोरी थांबवतं, पण पुसलं जाणं थांबवत नाही. ड्राइव्ह भरत आली म्हणून कुणी साफसफाईला बसलं आणि 'हे कसलं कचऱ्यासारखं नाव' म्हणून `d` फोल्डर उडवला, तर ३० दिवसांनी सगळं गेलं. `masterkey.cryptomator` गेली तर ४४ शब्दांवरून ती परत बनवता येते, `d` मात्र नाही. दर दिवाळीच्या साफसफाईत तिजोरीची ताजी प्रत पेन ड्राइव्हवर घेणं आणि एकदा उघडून बघणं, एवढा नेम पुरतो.

ही पद्धत काय झाकत नाही तेही माहीत असावं. फाइली किती आहेत, साधारण किती मोठ्या आहेत आणि कधी बदलल्या, हे क्लाउडला दिसतं. बहुतेकांना त्याने फरक पडत नाही. तिजोरी उघडी असताना कॉम्प्युटरवर हेरगिरीचं सॉफ्टवेअर असेल, तर तुम्हाला दिसतं ते त्यालाही दिसतं. म्हणून काम झालं की तिजोरी बंद करावी आणि काही मिनिटं हालचाल नसेल तर ती आपोआप बंद व्हावी असं सेट करून ठेवावं. सायबर कॅफेत किंवा ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ती उघडूच नये. पासवर्ड बदलण्याबद्दलही एक गैरसमज असतो. पासवर्ड बदलला की फक्त मूळ किल्लीवरचं कुलूप बदलतं, मूळ किल्ली तीच राहते. कुणी जुनी `masterkey.cryptomator` आधीच उतरवून घेतली असेल आणि त्याला जुना पासवर्ड माहीत असेल, तर नवा पासवर्ड त्याला अडवत नाही. पासवर्ड खरोखर फुटल्याची शंका आली तर नवीन तिजोरी करून फाइली तिच्यात हलवायच्या आणि जुनी तिजोरी कचरापेटीसकट काढून टाकायची.

ज्यांना चार-पाचच कागद एकदा ठेवून द्यायचे आहेत, त्यांना एवढा संसार मांडायची गरज नाही. सेव्हन-झिप पुरतं. फक्त साध्या झिपऐवजी `7z` प्रकार निवडावा आणि फाइलींची नावंही एन्क्रिप्ट करा अशी खूण करावी, नाहीतर मजकूर बंद पण 'आईचं मृत्युपत्र' हे नाव उघडं राहतं. शिवाय आर्काइव्हमधून थेट फाइल उघडली की तिची उघडी प्रत विंडोजच्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये जाते आणि कधीकधी तिथेच राहते. वरचेवर उघडायचे कागद असतील तर म्हणूनच तिजोरी बरी.

कुणाला प्रत द्यायची वेळ आली, तर ती तिजोरीबाहेर काढावी लागणारच. बँकेला किंवा एजंटला देण्याच्या प्रतीवर आडवं लिहावं: कशासाठी, कुणाला, कोणत्या तारखेला. आधारची प्रत द्यायची तर पहिले आठ अंक झाकलेली मास्क्ड प्रत आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून काढून द्यावी. ठशांची पानं प्रत्येकाला लागत नाहीत. भाडेकरूला किंवा सोसायटीला खरेदीखताची पहिली पानं आणि इंडेक्स दोन सहसा पुरतं.

राहिला प्रश्न खात्याचा. तिजोरी ज्या गूगल खात्यात आहे त्याचा मालकच उद्या नसला, तर पासवर्ड असूनही घरचे बाहेरच राहतात. दोन वर्षं कुणीच न वापरलेलं वैयक्तिक खातं आणि त्यातला मजकूर गूगल काढून टाकू शकतं. खात्याच्या सेटिंग्जमध्ये निष्क्रिय खात्याची व्यवस्था ठरवता येते. ३ महिन्यांपासून १८ महिन्यांपर्यंत मुदत निवडायची आणि त्यानंतर कुणाला कळवायचं, कोणता डेटा द्यायचा ते सांगून ठेवायचं. आपल्या उदाहरणात मुलाने तिथे बहिणीचं नाव दिलं आहे आणि लॉकरमधल्या पाकिटात ४४ शब्दांच्या खाली तीन ओळी मराठीत लिहिल्या आहेत: कोणत्या खात्यात, कोणत्या नावाचा फोल्डर, आणि तो उघडायला कोणतं सॉफ्टवेअर लागतं.